सिगरेट सोडली, खोकला वाढला, म्हणून पुन्हा पेटवली

*माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं सिगरेट ओढतायत, रोज २० ते २२. सकाळी डोळे उघडले की पहिली. जिन्यावर धाप लागायला लागली म्हणून फुंकण्याची तपासणी केली. रिपोर्टवर सीओपीडीची, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराची, सुरुवात आणि ‘एफईव्ही-१ : १.९ लिटर’ असं लिहिलंय. त्यांनी निकोटीनचा १४ मिलिग्रॅमचा पॅच लावला, सोबत निकोटीनचं गम घेतलं आणि नऊ दिवस एकही ओढली नाही. पण खोकला दुप्पट झाला, कफ पडायला लागला, झोप उडाली, घरात कुणाशी धड बोलेनात. गमने उचक्या लागतात म्हणून ते टाकून दिलं. दहाव्या दिवशी पुन्हा पेटवली, आणि दोन दिवसांत खोकला कमी! आता म्हणतात, ‘मला ओढणं सोसतं, सोडणं सोसत नाही.’ मी पाकिटं लपवते, मग भांडणं होतात. आई म्हणते, नुकसान व्हायचं ते झालंय, आता कशाला छळतेस. सिगरेट सोडायच्या गोळ्यांनी डोक्यावर परिणाम होतो असंही ऐकलंय. मी काय करू?*

*— एक मुलगी*

ताई,

आधी बाबांना त्या खोकल्याचं कोडं उलगडून सांगा. ते सुटल्याशिवाय पॅच काय किंवा गोळी काय, गाडी पुढे सरकणार नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांच्याकडे पुरावा आहे आणि तो त्यांनी स्वतःच्या छातीत अनुभवलाय. माझ्यासारख्या छातीच्या डॉक्टरने नुसतं ‘तसं नसतं हो’ म्हटलं तर ते का ऐकतील?

आपल्या श्वासनलिकांना आतून अगदी बारीक लव असते. ती सतत घशाच्या दिशेने हलत असते आणि तिच्यावर साचलेला चिकट कफ, धूळ, जंतू वर ढकलत राहते. वर आलेला तो कफ आपण दिवसभर नकळत गिळतो, म्हणून पत्ताही लागत नाही. धुराने ही लव लुळी पडते, जागोजागी झडते. त्याच धुराने कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मात्र फुगतात. म्हणजे माल वाढला आणि उचलणारे हात थांबले. भरीला वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची खोकल्याची जाणीवही बोथट झालेली असते. ज्या कफाने दुसरा कुणी खोकून बेजार होईल, त्याचं त्याला काहीच वाटत नाही.

सिगरेट बंद झाली की ही जाणीव पहिल्या दोनेक आठवड्यांत जागी होते, लव हळूहळू पुन्हा हलायला लागते आणि साचलेलं वर येऊ लागतं. बाबांचा ‘दुप्पट’ खोकला बहुतेक हाच होता. दहाव्या दिवशी पेटवल्यावर त्यांचा कफ काही संपला नाही. तो वर आणणारी यंत्रणा तेवढी पुन्हा झोपली. त्यांना सांगा, नवव्या दिवशी छातीत झाडलोट चालू होती आणि दहाव्या दिवशी तुम्ही झाडणाऱ्याला घरी पाठवलंत.

असा खोकला साधारण काही आठवडे टिकतो, कफ सुटून येतो आणि दिवसागणिक उतरत जातो. पण वाढलेला प्रत्येक खोकला या खात्यात टाकू नका. ताप, कफाचा रंग पिवळा-हिरवा होऊन धाप वाढणं, छातीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि कफात रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. चाळीस वर्षं ओढलेल्या माणसाच्या बाबतीत यात हयगय नको. महिना-दीड महिना उलटूनही खोकला तसाच राहिला तरीही छातीचा फोटो काढून घ्या.

आता झोप आणि चिडचिड. हे मनाच्या कमकुवतपणातून आलेलं नाही, हिशेब चुकल्यामुळे आलंय. एका सिगरेटमधून साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन अंगात जातं. २२ सिगरेटी म्हणजे रोजचे २० ते ३० मिलिग्रॅम. बाबांनी लावलेला पॅच दिवसभरात १४ देतो. निम्म्या पगारावर त्यांनी नऊ दिवस काढले! त्यातही सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, तर पॅचचं कातडीतून तासातासाने झिरपतं. त्यामुळे दिवसभराची भूक तो भागवतो, पण अचानक उसळणारी तल्लफ त्याला शमवता येत नाही. ती गमने शमवायची. नेमकं तेच बाबांनी टाकून दिलं.

रोज दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१च्या पॅचपासून सुरुवात करायची असते. तो ६ आठवडे, मग १४चा २ आठवडे, मग ७चा २ आठवडे. सकाळी उठल्यावर लगेच, दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर लावायचा आणि रोज जागा बदलायची. नाहीतर लाल चट्टा उठतो आणि माणूस म्हणतो, मला पॅच सोसत नाही. रात्री विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडून झोपमोड होत असेल तर झोपताना काढून टाकावा. पण बाबांची पहिली सिगरेट डोळे उघडताच असते, म्हणून त्यांनी शक्यतो रात्रभर ठेवावा. सकाळची ती पहिली तल्लफ बोथट होते.

गमबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथे मीही चुकलेली आहे. सुरुवातीची काही वर्षं मी गम लिहून द्यायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. ‘त्याने उचक्या लागतात, पोटात जळजळ होते’ म्हणत लोक परत यायचे. एकदा एका गृहस्थांना म्हटलं, माझ्यासमोर खाऊन दाखवा. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि नेहमीच्या च्युइंगमसारखी कराकरा चावायला लागले. तीन मिनिटांत उचकी! निकोटीन सगळं लाळेत उतरलं, लाळ पोटात गेली. पोटात गेलेलं निकोटीन तल्लफेला फारसं कामाचं नसतं, त्याचा नुसता त्रास होतो. ते शोषलं जायला हवं गालाच्या आतल्या कातडीतून.

म्हणून गम हळू चावायचं. जिभेला झिणझिण्या आल्या किंवा तिखटसर लागलं की थांबायचं आणि ते गाल आणि हिरडीच्या मध्ये नुसतं ठेवून द्यायचं. झिणझिणी ओसरली की पुन्हा चार-सहा वेळा चावायचं, बाजू बदलून ठेवायचं. असं अर्धा तास. गमच्या पाव तास आधी आणि ते तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा असलं आंबट पेय नको. तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलंच जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागणाऱ्याने ४ मिलिग्रॅमचं गम घ्यायचं, म्हणजे बाबांनीही. पहिल्या आठवड्यांत तल्लफ येण्याची वाट न बघता तास-दोन तासांनी एक घेतलं तरी चालतं, दिवसाला २४ ही वरची मर्यादा. दातांमुळे चावणं जमत नसेल तर चघळायची गोळीही मिळते.

पॅच आणि गम एकत्र म्हणजे डोस जास्त होईल, अशी भीती घरच्यांना वाटते. वर्षानुवर्षं निकोटीन पचवलेल्या शरीरात तसं क्वचितच होतं. कमी पडलं तर चिडचिड, अस्वस्थपणा, सारखी तल्लफ. जास्त झालं तर मळमळ, गरगरणं, घाम, छातीत धडधड. तसं झालं तर गम कमी करायचं. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

झोप उडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. सिगरेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताचं एक एन्झाइम जोरात पळवतात, आणि कॅफिन पचतं तेही याच एन्झाइमने. धूर बंद झाला की आठवडाभरात हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून अंगात जवळजवळ दुप्पट कॅफिन साचतं. हात थरथरतात, झोप येत नाही, जीव घाबरतो, आणि खापर फुटतं सिगरेट सोडण्यावर. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. पॅच लावल्याने हे टळत नाही, कारण हा उद्योग धुराचा आहे, निकोटीनचा नाही. याच एन्झाइमवर थिओफायलिन हे दम्याचं आणि सीओपीडीचं जुनं औषधही पचतं. बाबांना ते चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना कळवाच. डोस उतरवावा लागतो, नाहीतर उलट्या आणि धडधड सुरू होते.

आता गोळ्या. जास्त करून दिली जाते ती व्हॅरेनिक्लीन. मेंदूत निकोटीन ज्या खुर्चीत जाऊन बसतं, त्याच खुर्चीत ही गोळी बसते. थोडासा दिलासा देते म्हणून तल्लफ मंदावते, आणि खुर्ची अडलेली असल्यामुळे सिगरेट ओढली तरी नेहमीची मजा येत नाही. ‘अहो, काल एक ओढली, पण मातीसारखी लागली,’ असं लोक सांगतात तेव्हा समजायचं, गोळी कामाला लागलीय. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच दोनदा, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण १२ आठवडे. पहिला आठवडा सिगरेट चालू असते, सोडायचा दिवस आठवा. मळमळ हा मुख्य त्रास, म्हणून भरल्या पोटी आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. मूत्रपिंडाचं काम खूप मंदावलेलं असेल तर डोस कमी लागतो, आणि फिट येत असतील तर ते आधी सांगायला हवं.

डोक्यावर परिणामाचं तुम्ही ऐकलंत ते अगदीच निराधार नव्हतं. पूर्वी या गोळीवर अमेरिकेत तशी ठळक चेतावणी छापलेली असायची. मग ८,००० हून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होते. नैराश्य, अस्वस्थता असे गंभीर त्रास या गोळीने लक्षणीय वाढलेले आढळले नाहीत. निकाल २०१६मध्ये आले आणि त्याच वर्षी ती चेतावणी काढली गेली. तरी माझा रिवाज असा की, घरातल्या एकाला सांगून ठेवते: माणूस अचानक गप्प झाला किंवा त्याचं वागणं बदललेलं वाटलं तर गोळी थांबवून फोन करा.

ब्युप्रोपिऑन ही दुसरी गोळी, मुळात नैराश्यावरची. फिट आलेल्यांना ती चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत पॅच-गमसारखे निकोटीनचे पर्याय आणि या दोन्ही गोळ्या सुचवल्या आहेत, शिवाय सायटिसीन हे वनस्पतीतून मिळणारं औषधही. बाबांसाठी माझी पहिली पसंती व्हॅरेनिक्लीन, किंवा मग २१चा पॅच आणि ४चं गम. त्यांना या वेळी काहीतरी नवं हवं असेल तर गोळी. मागचे नऊ दिवस बरे आठवत असतील तर पॅच, पण पुऱ्या डोसात. हा निर्णय त्यांना घेऊ द्या.

समुपदेशन म्हणजे उपदेश, अशी बाबांची समजूत असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात समुपदेशक पहिल्या भेटीत एक कागद देतात आणि सांगतात, आठवडाभर हवी तेवढी ओढा, पण प्रत्येकीची वेळ, जागा आणि ‘किती हवीशी होती’ याचे दहापैकी गुण लिहा. २२मधल्या सात-आठच सिगरेटींना नऊ-दहा गुण पडतात आणि बाकीच्या जागेच्या गुलाम निघतात: फोन आला की, जेवण झालं की, गॅलरीत गेलं की. गुलामांचा बंदोबस्त सोपा असतो. फोन गॅलरीत घ्यायचा नाही, जेवल्यावर ताबडतोब उठून खाली चक्कर मारायची. नऊ-दहा गुणवाल्यांसाठी गम. तल्लफेची एक लाट काही मिनिटांची असते, तेवढ्या वेळात हाताला काय काम द्यायचं ते आधीच ठरलेलं असावं. पुढच्या भेटी, निदान फोन, पहिल्या आठवड्यात दोनदा तरी हवेत, कारण त्रासाचा कळस पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच वर्षानंतरही सिगरेटविना असतात. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालं की हा आकडा कितीतरी वाढतो.

आणि तुम्ही, ताई, पाकिटं लपवणं आजपासून बंद. लपवलेलं पाकीट माणसाला सिगरेट सोडायला शिकवत नाही, चोरून ओढायला शिकवतं. चोरून ओढणारा माणूस घसरला की सांगत नाही, आणि न सांगितलेल्या घसरणीला मदत करता येत नाही. त्याऐवजी एका संध्याकाळी, भांडण नसताना, एवढंच म्हणा: “बाबा, मागच्या वेळी तुम्ही अर्ध्या औषधावर नऊ दिवस काढलेत. चूक औषधाच्या मापात होती. पुन्हा करायचं तर कुठला दिवस बरा?” मग गप्प बसा. ते ‘बघू’ म्हणाले तर तेही चालेल. आठवड्याने पुन्हा विचारा. दिवस ठरला की आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर, रक्षापात्रं त्यांच्याच हाताने बाहेर जाऊ द्या. ‘आधी कमी करत आणतो’ म्हणाले तर ताणू नका, पण दिवस पक्का करून घ्या. नुसती संख्या कमी केली की माणूस उरलेल्या सिगरेटी खोल ओढतो आणि निकोटीन जवळपास तेवढंच मिळवतो.

मधेच एखादी ओढली गेली तर पॅच काढायचा नाही, गोळी थांबवायची नाही. पॅचवर एखादी ओढल्याने विष होत नाही, पण ‘आता गेलंच’ म्हणून पॅच फेकला की पुढचं पाकीट नक्की. ती सिगरेट कुठे, कुणाबरोबर, किती वाजता ओढली ते त्याच कागदावर लिहायचं आणि समुपदेशकांना दाखवायचं.

आईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला आकड्यांतच उत्तर देते. एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा. ती वयाप्रमाणे सगळ्यांचीच उतरते. सुरुवातीच्या सीओपीडीत ओढत राहिलेल्या पुरुषांची वर्षाला सरासरी साठहून अधिक मिलिलिटरने उतरते, सोडलेल्यांची सुमारे तीसने. बाबांचे १.९ लिटर आहेत. ओढत राहिले तर सरासरीने वयाच्या ७१व्या वर्षी १.३ लिटरच्या खाली, सोडली तर १.६. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण एक लिटरखाली गेलेल्या पुष्कळांना कपडे चढवतानाही धाप लागते, हे मी रोज बघते. पहिल्या वर्षात तर आकडा थोडा वर जाण्याचीही शक्यता असते.

झालेलं सगळं भरून येत नाही, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा. फुफ्फुसातले फुटलेले हवेचे बारीक फुगे पुन्हा उभे राहत नाहीत आणि इनहेलर लिहून दिला असेल तर तो चालूच राहील. बाकीच्या गोष्टी आपापल्या वेगाने सुधारतात. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. कफ आणि श्वासातली घरघर महिन्या-दोन महिन्यांत कमी होते, धाप त्यानंतर. हृदयाचा धोका वर्षा-दोन वर्षांत बराच खाली येतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या मानाने निम्म्यावर यायला दहाएक वर्षं लागतात. पहिल्या वर्षात वजन चार-पाच किलो वाढू शकतं, तोंड येतं, बद्धकोष्ठ होतो. हे आधीच सांगून ठेवलंत तर त्याचाही पुढे पुरावा होणार नाही.

फुंकण्याच्या तपासणीचा तो कागद जपून ठेवा. सोडायच्या दिवशी जिना किती पायऱ्यांवर थांबून चढले तो आकडा त्याच कागदाच्या मागे बाबांच्या हाताने लिहून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा, आणि वर्षाने तपासणी करायला जाल तेव्हा हा कागद सोबत न्या.